दोन ‘धा’ आणि मधला पाव सेकंद

कुडाळजवळच्या एका वाडीत राहणारे एक काका चाळीसेक वर्षं दशावतारी नाटकांना पखवाजाची साथ करत आले आहेत. पावसाळ्यात मंडळं घरी असतात, पेटारे बंद असतात, म्हणून त्यांची मुलाखत आषाढात घ्यायची ठरली. मी पुण्यात, ते तिकडे. व्हिडिओ कॉल लावला आणि माझ्या लॅपटॉपवर कॉलचा आवाज रेकॉर्ड करायला सुरुवात केली. काका छान बोलत होते. मग राक्षसाच्या प्रवेशाला पखवाज कसा वाजतो ते दाखवायला त्यांनी पखवाज पुढ्यात ओढला. पडद्यावर त्यांचे हात पडताना मला स्पष्ट दिसत होते. बोटं उडत होती, मान डोलत होती, आणि माझ्या हेडफोनमध्ये जवळजवळ काहीच येत नव्हतं. अधूनमधून एखादी दबलेली ठक, बाकी शांतता. वाजवून झाल्यावर त्यांनी विचारलं, “ऐकाक येता मा गो बाय?” हा प्रश्न मात्र अगदी स्वच्छ ऐकू आला.

बोलणं येतं आणि पखवाज येत नाही, हे कसं? नेट कमकुवत असतं तर दोन्ही गेलं असतं. या कोड्यामागे लागले तेव्हा कळलं, की व्हिडिओ कॉलवर आपल्याला समोरच्याचा आवाज ऐकूच येत नसतो. आपल्याला ऐकू येतं ते त्या आवाजाचं वर्णन. आणि खरा आवाज हवा असेल तर त्याला प्रवासाला न पाठवता, जिथे उमटला तिथेच धरून ठेवावा लागतो.

काकांच्या माजघरात आवाज उमटला की फोनचा मायक्रोफोन तो टिपतो. इथवर सगळं जागच्या जागी आहे. स्वच्छ रेकॉर्डिंगमध्ये आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला ४८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात. म्हणजे एका सेकंदाच्या आवाजासाठी ७ लाख ६८ हजार बिट. कॉलला एवढी चैन परवडत नाही. बोलण्यासाठी तो साधारण तीस-चाळीस हजार बिटांत भागवतो. वीस भागांतला एक भाग ठेवायचा आणि तरी माणूस ओळखू यायला हवा, ही किमया करणाऱ्या पद्धतीला कोडेक म्हणतात. इंटरनेटवरच्या कॉलसाठी ओपस नावाचा कोडेक फार वापरला जातो. तो २०१२ मध्ये प्रमाणित झाला. त्यात दोन वेगळ्या घराण्यांचा संगम आहे: एक भाग स्काइपकडून आलेला, बोलण्यासाठी घडवलेला, आणि दुसरा झिफ या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेकडून आलेला, संगीताकडे झुकणारा.

बोलण्यासाठीचा भाग काय करतो ते पाहण्यासारखं आहे. तो आवाजाकडे एका गळ्याची करामत म्हणून बघतो. गळ्यातून निघालेला मूळ नाद कसा आहे, आणि तोंडाच्या पोकळीनं त्याला कोणता आकार दिला, एवढं तो दर २० मिलिसेकंदांनी टिपून ठेवतो. त्या टिपणाचं छोटं पॅकेट करून पाठवतो. सेकंदाला पन्नास पॅकेटं. पुण्यात माझा लॅपटॉप ही टिपणं वाचतो आणि त्यांवरून काकांचा आवाज नव्यानं घडवतो. एखाद्यानं पत्रातून पुरणपोळीची कृती पाठवावी आणि आपण ती आपल्या चुलीवर करून खावी, तसं. चव ओळखीची लागते, पण ती पोळी त्या घरातली नसते.

वाटेत एखादं पॅकेट हरवलं तर लॅपटॉप थांबत नाही. आधीच्या पॅकेटवरून अंदाज बांधून तो रिकामी जागा भरतो. एक-दोन पॅकेटं गेली तर आपल्या लक्षातही येत नाही. लागोपाठ बरीच गेली की अंदाज संपतो, आवाज आधी यांत्रिक होतो आणि मग विरून जातो. कॉलवर माणूस मध्येच रोबोसारखा बोलायला लागतो ते याचमुळे. त्या क्षणी आपण जे ऐकतो ते समोरच्यानं उच्चारलेलंच नसतं, ते आपल्या यंत्रानं कल्पिलेलं असतं.

पण पखवाज गायब झाला तो याही आधी, काकांच्या फोनमध्येच. कॉलचं ॲप पंखा, मिक्सर, गाड्या यांचा आवाज गाळण्यासाठी मायक्रोफोनपाशी एक चाळण लावून ठेवतं. माणसाचं बोलणं कसं असतं हे त्या चाळणीला ठाऊक असतं. बोलण्यासारखं असेल ते पुढे सोडायचं, बाकीचं दाबायचं. काकांनी डाव्या तोंडाला ताजी कणीक लावून काढलेला तो खोल घुमारा बोलण्यासारखा नव्हता. चाळणीनं चाळीस वर्षांची साधना गोंगाट म्हणून बाजूला काढली, आणि तिच्या नियमानं ते बरोबरच होतं.

चाळणीशेजारी आणखी एक पहारेकरी असतो, आणि त्याची हकीकत मला फार आवडते. माझा आवाज काकांच्या फोनच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, खोलीत घुमतो, त्यांच्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि परत माझ्याकडे येतो. म्हणजे मला माझाच प्रतिध्वनी ऐकू यायला हवा. १९६० च्या दशकात उपग्रहामार्फत फोन जाऊ लागले तेव्हा ही अडचण गंभीर झाली. टेलिफोन वाहिन्यांच्या जोडांवर आवाज परावर्तित व्हायचा. उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर वर, त्यामुळे तिथवर जाऊन आलेला प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाहून उशिरा कानावर पडायचा आणि बोलणाऱ्याची जीभ अडखळायची. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये यावर तोडगा निघाला. त्यातला एक पायाभूत निबंध १९६७ मध्ये मनमोहन सोंधी यांनी लिहिला. हे सोंधी दिल्ली विद्यापीठात आणि बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. कल्पना अशी: पलीकडून आलेल्या आवाजाची एक प्रत यंत्रानं जवळ ठेवायची, त्याचा प्रतिध्वनी कसा परत येतो ते ऐकत ऐकत शिकायचं, आणि अंदाजानं बनवलेला प्रतिध्वनी खऱ्या आवाजातून वजा करायचा. वाट बदलली की अंदाज पुन्हा सुधारायचा. आज आपल्या खिशातला फोन प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला समोर असलेली खोली अशी शिकून घेतो.

वजाबाकी मात्र पूर्ण जमत नाही. उरलासुरला प्रतिध्वनी घालवण्यासाठी यंत्र पूर्ण आवाजच थोडा दाबतं. दोघं एकाच वेळी बोलले की कोणाचा आवाज ठेवायचा आणि कोणाचा काढायचा हे त्याला उमगत नाही, आणि शब्दांचे लचके तुटतात. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मी ‘हं’ म्हटलं त्या प्रत्येक जागी काकांचं एखादं अक्षर गेलेलं होतं. पाहुण्याला मान देण्यासाठी दिलेला हुंकार त्याचाच शब्द खाऊन टाकत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बसलो, पण रचना बदलून. रेडिओच्या जगात ही रचना जुनी आहे. अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांमध्ये तिला टेप सिंक म्हणतात: मुलाखतकार स्टुडिओतून फोनवर बोलतो, आणि पाहुण्याच्या घरी एक माणूस रेकॉर्डर घेऊन त्याच्या तोंडाशी मायक्रोफोन धरून बसतो. नंतर दोन्ही टेपा जुळवायच्या. पॉडकास्टवाले त्यालाच डबल एंडर म्हणतात, कारण दोन टोकांना दोन रेकॉर्डिंग. कॉल फक्त एकमेकांना ऐकण्यापुरता. त्याचा आवाज कितीही तुटला तरी चालेल, कारण तो श्रोत्यांपर्यंत जाणारच नसतो.

काकांच्या घरी रेकॉर्डर धरून बसायला त्यांचा पुतण्या होता आणि त्याचा फोन. दोन फोन लागतातच. कॉल चालू असताना त्या फोनचा मायक्रोफोन कॉलच्या ताब्यात असतो. त्याच फोनवर रेकॉर्डिंगचं ॲप सुरू केलं तर ते एक तर चालत नाही किंवा तासभराची निखळ शांतता साठवून देतं. म्हणून काकांच्या फोनवर कॉल आणि पुतण्याच्या फोनवर रेकॉर्डिंग. हा दुसरा फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, नाहीतर मध्येच कोणाचा तरी फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. ॲप WAV फाइल बनवणारं निवडलं आणि त्यातली आवाज ‘सुधारण्याची’ सोय बंद केली, कारण ती तीच चाळण असते.

काकांच्या कानात वायरचे इअरफोन दिले. या एका गोष्टीवर पुढचं सगळं उभं आहे. इअरफोन नसते तर स्पीकरमधून येणारा माझा आवाज पुतण्याच्या फोननंही टिपला असता, आणि त्यांच्या स्वच्छ आवाजाच्या मागे माझं भूत कायमचं बसलं असतं. ते नंतर कशानंही नीट निघत नाही. वायरचेच घ्यायचं कारण वेगळं आहे. ब्लूटूथ हेडसेटचा मायक्रोफोन वापरात आला की बहुतेकदा त्याचा आवाज फोन कॉलच्या जुन्या दर्जावर उतरतो, सेकंदाला ८ किंवा १६ हजार मापांवर. कॉलपुरतं ते खपून जाईल, पण माझ्या टोकाला तसा मायक्रोफोन लावून माझं रेकॉर्डिंग करणं म्हणजे स्वतःच्या हातानं आवाज घालवणं.

मग फोन ठेवायचा कुठे? तोंडापासून एक वीत, आणि अगदी समोर नाही, थोडा बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना सुटणारा वारा थेट मायक्रोफोनवर आदळत नाही. अंतराचं गणित सुंदर आहे. मायक्रोफोन तोंडाच्या निम्म्या अंतरावर आणला की थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं वाढतो, पण भिंतींवरून घुमून येणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे चार विती दूर असलेला फोन एका वितीवर आणला की माणूस खोलीच्या तुलनेत १२ डेसिबलनं पुढे येतो. पैसा न खर्चता खोली मऊ होते. शिवाय पुतण्यानं दांडीवर दोन गोधड्या टाकल्या, पंखा बंद केला. कौलांवरचा पाऊस बंद करता येत नव्हता. तो राहिला.

खरं बोलणं सुरू करण्याआधी अर्ध्या मिनिटाचं नमुना रेकॉर्डिंग केलं. काका दोन वाक्यं बोलले, थोडा पखवाज वाजवला, आणि पुतण्यानं ती फाइल फ्लाइट मोड काढून मला व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली. व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलेला आवाज पुन्हा आवळला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाइल जशीच्या तशी येते. मी ती कानात घालून तीन गोष्टी शोधल्या. मागे कुठे माझा आवाज येतोय का? येत नव्हता. आवाज डब्यात बोलल्यासारखा घुमतोय का? नव्हता. आणि लहरींची टोकं सपाट झालीत का? बोलण्याची नव्हती, पण पखवाजाची होती. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक थापेचा डोंगर वरून कापल्यासारखा दिसत होता. मोजपट्टीच संपली होती. तिच्या पलीकडचा आवाज कधी टिपलाच गेला नाही, त्यामुळे तो परत मिळवण्याचा मार्ग नसतो. उपाय सरळ होता: बोलताना फोन एका वितीवर, वाजवताना चार विती मागे. पुतण्यानं जमिनीवर खडूनं दोन खुणा केल्या.

आता सगळ्यात गंमतीचा भाग. माझ्या लॅपटॉपवर माझा आवाज वेगळा रेकॉर्ड होणार, त्याच्या शेजारी कॉलमधून येणारा काकांचा तुटका आवाजही राहणार, आणि काकांचा खरा आवाज तिकडे वाडीत दुसऱ्याच फोनमध्ये साठणार. दोन फाइली वेगवेगळ्या क्षणी सुरू होणार. त्या नंतर एकमेकींना कशा भेटणार? सिनेमावाले पाटी वाजवतात, तशी टाळी वाजवायची पद्धत आहे. पण काकांची टाळीही चाळणीत अडकत होती, कारण टाळी म्हणजे बोलणं नव्हे. तेव्हा मी म्हटलं, “काका, मी एक, दोन, तीन म्हणेन आणि चौथ्याला ‘धा’ म्हणून टाळी देईन. तुम्हीही माझ्याबरोबर ‘धा’ म्हणा आणि टाळी द्या.” तोंडानं म्हटलेला बोल चाळणीतून सुटतो, आणि टाळीचं धारदार टोक त्यांच्या स्थानिक रेकॉर्डिंगमध्ये सापडतं. लयीला पक्का माणूस समोर होता. त्यांना माझी मोजणी ऐकू आली तशी त्यांनी बरोबर समेवर टाळी दिली.

आम्ही दोघांनी एकत्र ‘धा’ म्हटलं, असं काकांना वाटलं. माझ्या कानांना तसं वाटलं नाही. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये माझा ‘धा’ १२.०० सेकंदाला आहे आणि कॉलमधून आलेला त्यांचा ‘धा’ १२.५० सेकंदाला. कोणीही चुकलेलं नाही. माझी मोजणी त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला, तिथे ते अगदी वेळेवर होते, आणि त्यांचा ‘धा’ माझ्यापर्यंत यायला पुन्हा तेवढाच वेळ लागला. जाण्यायेण्याचा मिळून अर्धा सेकंद. जाणं आणि येणं सारखं धरलं तर एका बाजूचा पाव सेकंद. म्हणजे काकांची टाळी प्रत्यक्षात १२.२५ ला वाजली. मी त्यांची फाइल अशी सरकवली की त्यातल्या टाळीचं टोक माझ्या १२.२५ वर येईल, आणि दोन गावांतला वेळ एक झाला.

हे करताना मला थबकायला झालं. दूरच्या दोन घड्याळांना जुळवायचं तर एक इशारा पाठवायचा, तो परत आला की लागलेला वेळ निम्मा करायचा, ही युक्ती आइनस्टाइननं १९०५ च्या सापेक्षतेच्या निबंधात प्रकाशाच्या किरणाबद्दल मांडली आहे. आम्ही तीच ‘धा’ वर केली. आणि त्या युक्तीचं गृहीतकही तेच: जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा. इंटरनेटवर तो नेहमी तंतोतंत सारखा नसतो, पण मुलाखतीच्या कामाला एवढं पुरतं.

यातून आणखी एक गोष्ट समोर आली. आमच्या संभाषणाची खरी रूपं एकाहून अधिक होती. समजा मी प्रश्न संपवला. तो पाव सेकंदानं काकांना ऐकू आला. माणसं समोरासमोर बोलताना एकानं थांबल्यावर दुसरा साधारण ०.२ सेकंदात बोलू लागतो. काकाही तसेच बोलू लागले. त्यांचं उत्तर आणखी पाव सेकंदानं माझ्याकडे आलं. काकांच्या घरात प्रश्न आणि उत्तर यांमध्ये ०.२ सेकंद गेले. माझ्या खोलीत ०.७ सेकंद गेले. माझ्या कानांना ते विचारात पडल्यासारखे वाटत होते, आणि मी बोलायला लागले की त्यांना मी विचारात पडल्यासारखी वाटत असेन. कॉलवरची अनोळखी माणसं एकमेकांना जरा थंड वाटतात, त्यात या अर्ध्या सेकंदाचा वाटा मोठा आहे. आपण दोघंही चटकन बोलत असतो आणि दोघांनाही दुसरा संथ वाटत असतो.

फाइल १२.२५ वर ठेवली की हे अंतर दोघांत सारखं वाटलं जातं, दोन्हीकडे ०.४५ सेकंद. ती आणखी पाव सेकंद अलीकडे ओढली, म्हणजे टाळी माझ्या १२.०० वर आणली, तर काका जे जगले तेच श्रोत्यांना ऐकू येतं: प्रश्न संपताच उत्तर, विनोदाला लगेच हसू. मी तसंच केलं. त्यामुळे माझे प्रश्न जरासे उशिरा येतात, पण श्रोते मुलाखतकाराच्या थांबण्याला क्षमा करतात. पाहुणा मात्र आपल्या लयीत बोलायला हवा.

बावन्न मिनिटं बोलणं झालं. उठण्याआधी आम्ही पुन्हा एक, दोन, तीन करत ‘धा’ म्हणून टाळी दिली. हा दुसरा ‘धा’ बरेच जण विसरतात, आणि त्याची किंमत संपादनाच्या वेळी कळते. कारण पहिली टाळी चोख जुळवूनही शेवटची जुळली नाही. काकांच्या फाइलमधली शेवटची टाळी हवी त्यापेक्षा ०.१२५ सेकंद उशिरा पडत होती.

प्रत्येक फोनच्या पोटात क्वार्ट्झ स्फटिकाचा एक कण असतो. विजेनं तो ठरलेल्या वेगानं थरथरतो, आणि त्या थरथरीवरून फोन सेकंदाला ४८,००० मापं घेतो. पण कोणतेही दोन स्फटिक अगदी एकसारखे कापलेले नसतात, आणि उन्हा-गारव्यानंही त्यांचा वेग किंचित बदलतो. दहा लाख थरथरींत वीस-तीस इकडेतिकडे होणं अगदी सर्वसाधारण आहे. माझा लॅपटॉप आणि पुतण्याचा फोन यांच्यातला फरक दहा लाखांत ४० निघाला. बावन्न मिनिटं म्हणजे ३,१२० सेकंद; त्याला दहा लाखांत ४० नं गुणलं की जवळपास ०.१२५ सेकंद येतात. माझ्या लॅपटॉपच्या लेखी तो वेळ जेवढा होता, त्यापेक्षा पुतण्याच्या फोननं सुमारे ६,००० मापं जास्त घेतली होती. एकच बावन्न मिनिटं, पण दोन यंत्रांनी वेगवेगळ्या लांबीची मोजली.

हा घसरा सावकाश वाढतो. पहिल्या दहा मिनिटांत काही जाणवत नाही, आणि शेवटी शेवटी हसू विनोदावर चढू लागतं किंवा उत्तर मागे पडतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच गडबड असेल तर ती सरकवण्यातली चूक असते. सुरुवातीला जुळलेलं आणि शेवटाकडे सुटत गेलेलं असेल तर तो स्फटिकांचा फरक असतो. इलाज म्हणून पूर्ण फाइल ०.००४ टक्के आक्रसायची. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलण्याची सोय असते. एवढ्यानं स्वर चढेल का, अशी मला काळजी होती. हिशोब केला तर दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचा हजारावा भागही बदलत नाही. पखवाज ज्या स्वराला मिळवला होता त्याच स्वरात राहिला.

हे सगळं आपोआप करणाऱ्या सेवाही आहेत. रिव्हरसाइड, झेनकास्टर यांसारख्या सेवा ब्राउझरमधूनच दोन्हीकडचा आवाज त्या त्या संगणकावर साठवतात आणि तुकड्यातुकड्यांनी वर चढवतात. पाहुण्याकडे लॅपटॉप आणि बरं नेट असेल तर हे सोयीचं आहे, फक्त बोलणं संपल्यावर सगळा आवाज वर चढेपर्यंत पाहुण्यानं खिडकी बंद करायची नाही हे त्याला आधी सांगावं लागतं. एक गैरसमज मात्र वारंवार होतो. झूमसारख्या ॲपमध्ये प्रत्येकाची वेगळी फाइल बनवायची सोय आहे. त्या फाइली वेगळ्या असतात खऱ्या, पण यजमानाच्या संगणकावर बनतात, म्हणजे पाहुण्याचा आवाज नेटवरून आल्यानंतर. वेगळेपण मिळतं, स्वच्छपण मिळत नाही. चाळण, टिपणं, हरवलेली पॅकेटं, सगळं त्यात आलेलंच असतं.

आणि कॉलचं ते तुटकं रेकॉर्डिंग टाकून द्यायचं नाही. काकांची फाइल कुठे बसवायची हे मला त्याच्यावरूनच कळलं. शिवाय पुतण्याचा फोन मध्येच बंद पडला असता किंवा त्यातली जागा संपली असती, तर निदान काका काय बोलले ते तरी माझ्या हाती उरलं असतं.

पुतण्याकडची फाइल ३०० एमबीची झाली. वाडीतलं नेट तिला पेलणारं नव्हतं. संध्याकाळी तो कुडाळ बाजारात गेला आणि तिथून त्यानं ती पाठवली. रात्री मी दोन्ही ‘धा’ जुळवले, कॉलचा तुटका आवाज बंद केला आणि राक्षसाच्या प्रवेशाची ती जागा लावली.

आधी पाऊस आला. कौलांवरचा, सगळीकडून, मऊ. आदल्या दिवशी कॉलनं तोही पुसून टाकला होता. मग पखवाज ओढल्याचा आवाज, कणकेवर ओला पंजा टेकल्याचा आवाज, काकांचा श्वास. आणि मग ती थाप, जी माझ्या टेबलाच्या लाकडात उतरली. वाजवून झाल्यावर काका म्हणाले, “ऐकाक येता मा गो बाय?” माझ्या ट्रॅकवर त्या जागी माझं उत्तर होतं, ‘हो काका’. त्या क्षणी ते खरं नव्हतं. कॉलवर तेव्हाही मला फक्त ठकठक आली होती, आणि पुतण्याच्या फोनवर भरवसा ठेवून मी हो म्हटलं होतं. आता ते खरं झालं होतं.